चल : अज्ञात संख्या आणि बदलती राशी (बीजगणित अध्यापन)

चल म्हणजे बीजगणितात संख्येच्या जागी वापरले जाणारे अक्षर. शालेय बीजगणितात या अक्षराची दोन प्रमुख रूपे विद्यार्थ्यासमोर येतात. ३x + ७ = २५ या समीकरणात x ही अज्ञात संख्या असते; ती एकच असते आणि ती शोधून काढायची असते. y = ३x + ७ या संबंधात मात्र x ही बदलती राशी असते; ती अनेक किमती घेते आणि तिच्याबरोबर y देखील बदलते. दोन्ही ठिकाणी अक्षर तेच, क्रियांचे नियम तेच, परंतु अक्षराकडे पाहण्याची दृष्टी वेगळी असते. या दोन दृष्टींचा परस्परसंबंध विद्यार्थ्याच्या लक्षात आणून देणे हा प्राथमिक बीजगणिताच्या अध्यापनातील एक मूलभूत प्रश्न आहे. हा संबंध थोडक्यात असा सांगता येतो : अज्ञात संख्या म्हणजे बदलत्या राशीची अशी किंमत, की जिच्यासाठी दिलेली अट पूर्ण होते.

## संज्ञा

मराठी पाठ्यपुस्तकांत अशा अक्षराला सरसकट 'चल' म्हणतात. शब्दाचा अर्थ 'बदलणारे', 'स्थिर नसलेले' असा आहे. तथापि विद्यार्थ्याची या शब्दाशी गाठ पुष्कळदा 'एका चलातील समीकरण' या प्रकरणात पडते आणि तेथे अक्षर बदलताना दिसतच नाही; शेवटच्या ओळीत x = ६ असे उत्तर येऊन ते स्थिरावते. ज्याला 'चल' म्हटले ते चळत का नाही, हा प्रश्न विद्यार्थी उघडपणे विचारत नाही. तो 'चल' हे अक्षराचे केवळ नाव आहे असे मानून पुढे जातो.

दुसरी अडचण 'किंमत' या शब्दाची आहे. मराठीत 'x ची किंमत' म्हणजे x च्या जागी येणारी संख्या. परंतु व्यवहारात किंमत म्हणजे वस्तूचे मोल. 'एका पेनची किंमत ८ रुपये, x पेन घेतले' अशा उदाहरणात 'x ची किंमत काढा' म्हटले, की काही विद्यार्थी पेनांची संख्या न काढता पेनचा दर सांगतात. म्हणून सुरुवातीच्या काळात 'x च्या जागी कोणती संख्या येईल?' असे पूर्ण वाक्य वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

गणिताच्या इतिहासात अज्ञात संख्येची कल्पना आधी आली आणि बदलत्या राशीची कल्पना बरीच नंतर. भारतीय परंपरेत बीजगणिताला 'अव्यक्त गणित' असेही नाव होते. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' (इ.स. ११५०) या ग्रंथात पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्', म्हणजे 'जितके तितके', असे म्हटले आहे; पुढील अज्ञात राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत. लेखनात त्यांची या, का, नी अशी आद्याक्षरे वापरली जात.

फ्रान्समध्ये फ्रान्स्वा व्हिएत याने १५९१ मध्ये अज्ञात राशींसाठी स्वर आणि ज्ञात राशींसाठी व्यंजने वापरण्याची पद्धत मांडली. अज्ञातासाठी वर्णमालेच्या शेवटची x, y, z ही अक्षरे वापरण्याचा प्रघात रने देकार्त याच्या १६३७ मधील 'ला जेओमेत्री' या ग्रंथातून रूढ झाला. याच ग्रंथात वक्राचे समीकरण मांडताना x आणि y ही एकमेकांबरोबर बदलणारी लांबी दर्शवू लागली. लेओनार्ड ऑयलर याने १७४८ मध्ये बदलत्या राशीची व्याख्या केली. त्यानुसार बदलती राशी म्हणजे सर्व निश्चित किमती आपल्यात सामावून घेणारी अनिश्चित राशी. अशा रीतीने एकच अक्षर दोन भूमिका करू लागले.

## विद्यार्थ्यांच्या आकलनातील अडचणी

इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या गणिती संकल्पनांचा मोठा अभ्यास झाला. त्यातील बीजगणिताच्या भागावरून डिटमार कुखेमन यांनी विद्यार्थी अक्षराचा अर्थ सहा प्रकारे लावतात असे दाखवले. काही विद्यार्थी अक्षराला सुरुवातीलाच एखादी संख्या देऊन टाकतात. काही त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. काही अक्षर म्हणजे वस्तू किंवा वस्तूच्या नावाचे संक्षिप्त रूप समजतात. याच्या पुढच्या तीन पायऱ्या म्हणजे अक्षर ही विशिष्ट अज्ञात संख्या, अक्षर ही अनेक किमती घेऊ शकणारी सर्वसाधारण संख्या, आणि अक्षर हा खरा चल. मेक्सिकोतील सोनिया उर्सिनी आणि मारिया त्रिगेरोस यांनी यापुढे जाऊन अज्ञात संख्या, सर्वसाधारण संख्या आणि परस्परसंबंधित चल या तीन उपयोगांची मांडणी केली. एका उपयोगाकडून दुसऱ्याकडे सहज जाता येणे हे आकलनाचे लक्षण आहे यावर त्यांचा भर आहे.

यांतील 'अक्षर म्हणजे वस्तू' हा समज वर्गातच तयार होण्याची शक्यता अधिक असते. '३अ + २क म्हणजे तीन आंबे आणि दोन केळी' असे सांगितले, की ३अ + २क + ४अ = ७अ + २क ही बेरीज विद्यार्थ्याला तत्काळ जमते. परंतु आंबा ही संख्या नव्हे. अ म्हणजे 'आंबा' असेल, तर अ = १२ या विधानाला अर्थ राहत नाही, आणि 'अ बदलतो' या विधानाला तर मुळीच नाही. त्यामुळे वस्तूच्या दृष्टान्ताने मिळालेली गती पुढे अज्ञात आणि बदलती राशी या दोन्ही कल्पनांच्या आड येते. अ म्हणजे 'एका आंब्याचा रुपयांतील दर' किंवा 'आंब्यांची संख्या' असे सुरुवातीपासून म्हटले तर हा अडथळा निर्माण होत नाही.

दुसरा व्यापक समज असा, की प्रत्येक अक्षरामागे एक ठरलेली संख्या दडलेली असते आणि ती शिक्षकाला ठाऊक असते. केवळ समीकरणे सोडवीत राहिल्यास हा समज दृढ होतो. असा विद्यार्थी y = २x + १ पाहून 'x किती ते दिलेच नाही' अशी तक्रार करतो.

## दोन्ही रूपे एकत्र आणणारे उदाहरण

दोन्ही रूपे वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवण्याऐवजी ती एकाच प्रसंगातून उलगडणे शक्य असते. पुढील उदाहरण त्यासाठी उपयोगी पडते.

एका इमारतीवर पाण्याच्या दोन टाक्या आहेत. पहिली टाकी १००० लिटरची असून तिच्यात २०० लिटर पाणी आहे. तिच्यात दर मिनिटाला १५ लिटर पाणी भरले जात आहे. दुसऱ्या टाकीत ५०० लिटर पाणी आहे. तिच्यातून दर मिनिटाला १० लिटर पाणी बाहेर जात आहे. भरणे आणि रिकामे होणे एकाच क्षणी सुरू झाले.

### पहिली पायरी : बदल पाहणे

प्रारंभी कोणताही प्रश्न सोडवायचा नसतो. ४ मिनिटांनी, ८ मिनिटांनी पहिल्या टाकीत किती पाणी असेल ते विद्यार्थी काढतात. येथे उत्तराबरोबर कृतीही लिहून ठेवणे आवश्यक असते : २०० + १५ × ४, २०० + १५ × ८, २०० + १५ × १२. एकाखाली एक लिहिलेल्या या ओळींत २०० आणि १५ बदलत नाहीत, केवळ शेवटची संख्या बदलते, हे डोळ्यांना दिसते. २६०, ३२०, ३८० अशी नुसती उत्तरे लिहिली तर ही रचना दिसेनाशी होते. बदलणाऱ्या संख्येच्या जागी x लिहिला, की २०० + १५x ही राशी मिळते. येथे x म्हणजे 'सुरुवातीपासून गेलेली मिनिटे'. तो कोणत्याही एका संख्येचे टोपणनाव नाही.

### दुसरी पायरी : किमतींची व्याप्ती

x कोणकोणत्या किमती घेऊ शकतो, हा प्रश्न येथेच विचारावा. पहिली टाकी १००० लिटरला भरते. तिला आणखी ८०० लिटर पाणी हवे, आणि ८०० ÷ १५ म्हणजे ५३⅓ मिनिटे. दुसरी टाकी ५०० ÷ १० म्हणजे ५० मिनिटांत रिकामी होते. त्यामुळे दोन्ही टाक्यांचा एकत्र विचार करताना x ची किंमत ० पासून ५० पर्यंत असू शकते, आणि ती पूर्णांकच असली पाहिजे असेही नाही. साडेसात मिनिटांनीही टाकीत काही पाणी असतेच. x ऋण का नाही, ६० का नाही, याची कारणे प्रसंगातूनच मिळतात. बदलती राशी म्हणजे वाटेल ती संख्या नव्हे, तिला आपली व्याप्ती असते, हे अशा प्रश्नांतून स्पष्ट होते.

### तिसरी पायरी : अट घालणे

आता 'पहिल्या टाकीत ८०० लिटर पाणी केव्हा होईल?' असा प्रश्न येतो. x तोच आहे, राशी तीच आहे. फक्त बदलत जाणाऱ्या प्रक्रियेला एका क्षणी थांबवले आहे. २०० + १५x = ८०० या समीकरणातून १५x = ६००, म्हणून x = ४०. x येथे अज्ञात आहे, कारण अट घातली गेली आहे. ८०० च्या जागी ५०० घेतले तर x = २० येतो, ३०० घेतले तर x = ६⅔ येतो. अट बदलली की अज्ञाताची किंमत बदलते. अट काढून टाकली की x पुन्हा मोकळा होतो.

१२०० लिटर ही अट घातल्यास समीकरणातून x = ६६⅔ असे उत्तर निघते, पण टाकी त्याआधीच भरलेली असते. समीकरणाला उकल आहे, प्रसंगात मात्र उत्तर नाही. दुसऱ्या पायरीत व्याप्तीची चर्चा झाली असेल तर हा भेद विद्यार्थी स्वतः ओळखतात.

### चौथी पायरी : दोन बदलत्या राशींची भेट

शेवटचा प्रश्न असा : दोन्ही टाक्यांत सारखे पाणी केव्हा असेल? प्रथम सारणी करावी.

| मिनिटे (x) | पहिली टाकी (२०० + १५x) | दुसरी टाकी (५०० − १०x) | दुसरीत अधिक पाणी |
|---|---|---|---|
| ० | २०० | ५०० | ३०० |
| ४ | २६० | ४६० | २०० |
| ८ | ३२० | ४२० | १०० |
| १२ | ३८० | ३८० | ० |
| १६ | ४४० | ३४० | −१०० |

शेवटच्या स्तंभाकडे लक्ष वेधणे महत्त्वाचे आहे. सुरुवातीचा फरक ३०० लिटर आहे आणि तो दर ४ मिनिटांनी १०० ने, म्हणजे दर मिनिटाला २५ ने कमी होतो. आता समीकरण सोडवावे :

२०० + १५x = ५०० − १०x
२५x = ३००
x = १२

दुसऱ्या ओळीतील २५ आणि ३०० या संख्या सारणीत आधीच दिसलेल्या आहेत. ३०० हा सुरुवातीचा फरक, २५ हा तो फरक मिटण्याचा दर. 'पद दुसऱ्या बाजूला नेले की चिन्ह बदलते' या यांत्रिक वाटणाऱ्या कृतीमागे कोणती घटना आहे, ते येथे उघड होते. आलेखावर पहिल्या टाकीची रेषा चढती आणि दुसरीची उतरती येते. दोन्ही रेषा (१२, ३८०) या बिंदूत छेदतात. रेषांवरून फिरणारा x हा चल, आणि छेदनबिंदूपाशी सापडलेला x ही अज्ञात संख्या.

## उलट दिशेचा मार्ग

ज्या विद्यार्थ्यांना केवळ समीकरणे सोडवण्याचा सराव आहे, त्यांच्यासाठी समीकरणापासून बदलत्या राशीकडे जाण्याचा मार्ग सोयीचा असतो. ३x + ७ = २५ हे समीकरण घेऊन ते लगेच न सोडवता डाव्या बाजूत x = १, २, ३, ४ अशा किमती ठेवाव्यात. १०, १३, १६, १९ अशा संख्या मिळतात. त्या प्रत्येक वेळी ३ ने वाढतात, तेव्हा २५ कधी येईल हे विद्यार्थी आगाऊ सांगू शकतात : x = ६ असताना. यानंतर उजवीकडील २५ च्या जागी ४० लिहावे. उत्तर ११ येते. ३० लिहिल्यास ती संख्या यादीत सापडत नाही; ती २८ आणि ३१ या लागोपाठच्या संख्यांच्या मध्ये पडते, आणि x = ७⅔ ही किंमत शोधावी लागते. अशा रीतीने x च्या किमती पूर्णांकांच्या मध्येही असतात हे दिसते आणि डावी बाजू ही 'सोडवायची गोष्ट' न राहता x बरोबर बदलणारी राशी म्हणून दिसू लागते.

येथे चूक आढळते ती अशी, की काही विद्यार्थी किमती ठेवून पाहण्याला 'अंदाजाने सोडवणे' समजून ती दुय्यम पद्धत मानतात. त्या पद्धतीचा हेतू उत्तर मिळवणे हा नसून डावी बाजू कशी बदलते ते पाहणे हा आहे, हे सांगितले नाही तर पहिली योग्य किंमत सापडताच ते थांबतात.

## आकलन तपासणारे प्रश्न

समीकरणाची अचूक उकल मिळाली म्हणजे चलाची कल्पना समजली असे म्हणता येत नाही. पुढील तीन प्रश्नांतून विद्यार्थी अक्षराकडे कसा पाहतो ते कळते.

२n आणि n + २ यांत मोठे कोणते? हा प्रश्न वर उल्लेखिलेल्या इंग्लंडमधील चाचणीत होता. 'गुणाकार असल्याने २n मोठे' असे उत्तर देणारा विद्यार्थी n ला मनात एखादी मोठी संख्या मानून चाललेला असतो किंवा केवळ क्रियेकडे पाहत असतो. n = ५ घेऊन १० आणि ७ असे दाखवणारा विद्यार्थी एका किमतीवर थांबलेला असतो. n हा २ पेक्षा लहान असताना n + २ मोठे, n = २ असताना दोन्ही समान, आणि n हा २ पेक्षा मोठा असताना २n मोठे, हे पूर्ण उत्तर आहे. n एकेकाने वाढताना २n दोनाने वाढते, तर n + २ एकानेच वाढते; म्हणून मागे असलेले २n पुढे निघून जाते, असे कारण देणाऱ्याला बदलती राशी समजली आहे. मध्ये येणारे n = २ हे २n = n + २ या समीकरणाचे उत्तर आहे, हेही ओळखल्यास दोन्ही रूपे जोडली गेली असे समजावे.

L + M + N = L + P + N हे कधी खरे असते : नेहमी, कधीच नाही, की कधीकधी? हाही त्याच चाचणीतील प्रश्न आहे. 'अक्षरे वेगळी म्हणून संख्याही वेगळ्या' असे मानणारा विद्यार्थी 'कधीच नाही' म्हणतो. M आणि P या दोन्ही बदलत्या असून त्यांच्या किमती कधी समान होऊ शकतात, हे जाणणारा 'M आणि P समान असताना' असे सांगतो.

७W + २२ = १०९ आणि ७N + २२ = १०९ यांपैकी कोणत्या समीकरणाची उकल मोठी? अमेरिकेतील संशोधक सिग्रिड वॅग्नर यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा प्रश्न होता. अक्षर बदलले की संख्याही बदलते असे मानणारे विद्यार्थी 'दोन्ही सोडवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही' असे म्हणतात, तर काही जण वर्णमालेतील क्रमावरून मोठी-लहान ठरवतात. येथे वरील प्रश्नाच्या उलट बाजू तपासली जाते : तेथे वेगळी अक्षरे समान किंमत घेऊ शकतात, आणि येथे अट तीच असल्याने अक्षराचे नाव गौण ठरते.

## मर्यादा

टाकीसारख्या प्रसंगात काळ हा चल असल्याने बदल सहज जाणवतो. परंतु यातून 'चल म्हणजे काळाबरोबर बदलणारे' असा नवा संकुचित समज निर्माण होऊ शकतो. चौरसाची बाजू x आणि परिमिती ४x यांत काहीही घडत नसते. निरनिराळे चौरस एकाच वेळी विचारात घेतलेले असतात. म्हणून काळाचा संबंध नसलेली उदाहरणेही बरोबरीने घ्यावी लागतात.

२(x + ३) = २x + ६ सारखी नित्यसमानता आणि x + ५ = x + ७ सारखे उकल नसलेले समीकरण यांत 'x शोधा' ही सूचना निष्फळ ठरते. पहिल्यात x ची प्रत्येक किंमत चालते, दुसऱ्यात एकही चालत नाही. अक्षर म्हणजे दडलेली एकच संख्या असे मानणारा विद्यार्थी येथे आपलीच चूक झाली असे समजतो. अट किती किमतींनी पूर्ण होते, असा प्रश्न विचारण्याची सवय असल्यास एक, सर्व आणि एकही नाही ही तिन्ही उत्तरे स्वाभाविक वाटतात.

y = mx + c या सर्वसाधारण रूपात अक्षरांची तिसरी भूमिका पुढे येते. m आणि c एका रेषेपुरते स्थिर असतात, पण रेषा बदलली की बदलतात. टाक्यांच्या उदाहरणात पाण्याचा दर आणि सुरुवातीचे पाणी यांना ही अक्षरे देता येतात. तथापि x चे चलपण आणि अज्ञातपण यांचा संबंध पक्का होण्याआधी ही भूमिका आणल्यास कोणते अक्षर कशासाठी धरून ठेवायचे आणि कोणते मोकळे सोडायचे, याचा गोंधळ उडतो. त्यामुळे रेषीय समीकरणांचे आलेख पुरेसे हाताळून झाल्यावरच तिचा परिचय करून देणे इष्ट असते.

## हेही पाहा

- बैजिक राशी
- समीकरण
- नित्यसमानता
- फल (गणित)
- भास्कराचार्य द्वितीय